सायबरपंक तुमच्या पीसीवर किती एफपीएसने चालेल, हे कार्ड घ्यायच्या आधीच कसं काढायचं

माझ्या मावसभावाकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. त्याला सायबरपंक २०७७ नीट खेळायचाय, १०८०पी वर, अल्ट्रा सेटिंगला, आणि प्रश्न एकच की आरटीएक्स ४०६० घेऊ की पैसे साठवून ४०७० घेऊ. लाँचच्या वेळी एकाची किंमत २९९ डॉलर होती आणि दुसऱ्याची ५९९, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर विचारलं तरी दोघांत फरक दणकूनच सांगतात. त्याने नेटवरचे एफपीएसचे, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम मिळतात त्याचे, तक्ते उघडले आणि एका ठिकाणी एक आकडा, दुसरीकडे भलताच, तिसऱ्या साइटवर तर प्रोसेसर आणि कार्ड निवडलं की लगेच "८७.४ एफपीएस" असं उत्तर. कुठला खरा धरायचा? त्याच्याच केसवर सगळं सांगतो, कारण पद्धत एकदा कळली की गेम आणि सिस्टीम बदलली तरी तीच चालते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की गेमची प्रत्येक फ्रेम दोघांच्या हातातून जाते. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभं आहे, कुठली गाडी कुठे वळली, काय काय काढायचंय, आणि मग ती यादी कार्डकडे देतो, कार्ड प्रत्यक्ष चित्र रंगवतं. एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय असं समजा, तर ताटात पोळ्या पडायचा वेग दोघांत जो हळू त्याच्याच वेगाने असणार. म्हणून तुमच्या सिस्टीमचा असा एक आकडा नसतोच, दोन असतात. प्रोसेसर या गेममध्ये जास्तीत जास्त किती फ्रेम तयार करू शकतो हा एक, आणि कार्ड या रिझोल्यूशनला या सेटिंगला किती फ्रेम रंगवू शकतं हा दुसरा. दोन्ही काढायचे आणि लहान तो धरायचा.

आता गंमत अशी की चांगले टेस्ट करणारे लोक हे दोन आकडे मुद्दाम वेगवेगळेच मोजतात. कार्डचा रिव्ह्यू करताना मशीनमध्ये बाजारातला सगळ्यात दमदार गेमिंग प्रोसेसर घालतात, रायझन ७ ९८००एक्स३डी सारखा, म्हणजे प्रोसेसर आड येऊ नये. आणि प्रोसेसरचा रिव्ह्यू करताना उलटं, आरटीएक्स ४०९० सारखं राक्षसी कार्ड लावून १०८०पी किंवा ७२०पी ला चालवतात म्हणजे कार्ड आड येऊ नये. त्यामुळे ४०६० च्या तक्त्यात जो आकडा दिसतो तो "४०६० तुमच्याकडे किती देईल" हा नसतो, तो "बाकी सगळं उत्तम असताना ४०६० किती देईल" हा असतो. तो आकडा चुकीचा नाहीये, फक्त अर्धाच आहे, आणि लोक नेमकं तोच पूर्ण समजून पैसे भरतात.

मग दुसरा अर्धा भाग म्हणजे रायझन ५ ३६०० चा आकडा, तो कुठल्यातरी प्रोसेसर रिव्ह्यूमधून घ्यायचा का? घेता येतो, पण माझं स्पष्ट मत आहे की घेऊ नका, घरीच मोजा. सिस्टीम तुमच्याकडे आहे ना आधीच! तुमची रॅम, तुमचं विंडोज, मागे चालू असलेलं डिस्कॉर्ड आणि अँटीव्हायरस, हे सगळं धरून खरा आकडा तुम्हाला मिळतो, आणि तो जगातल्या कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतो. कार्ड जुनं असलं तरी हे जमतं.

करायचं असं. सायबरपंकमध्ये २०२२ च्या पॅच १.५ पासून स्वतःचा बेंचमार्क आहे, ग्राफिक्सच्या मेनूमध्येच चालवता येतो, साधारण एक मिनिटाचा. रिझोल्यूशन १०८०पी ठेवून अपस्केलिंगचं, म्हणजे चित्र छोटं काढून मोठं करून दाखवायचं, एफएसआर सेटिंग Performance वर टाका, म्हणजे आतून गेम फक्त ९६० बाय ५४० ला काढला जातो आणि १६६० सुपरवरचा भार एकदम उतरतो. मग सावल्या, प्रतिबिंबं, धुकं वगैरे जे कार्डला जड असतं ते खाली आणा. पण `Crowd Density` मात्र कमी करू नका, कारण रस्त्यावरची माणसं हा मुख्यतः प्रोसेसरचा भार आहे आणि तीच कमी केली तर प्रोसेसर आहे त्यापेक्षा तगडा दिसेल. व्ही-सिंक बंद, फ्रेम लिमिट बंद. सोबत एमएसआय आफ्टरबर्नर लावून कार्डचा वापर किती टक्के दिसतोय त्यावर नजर ठेवा. तो ९७-९९ टक्क्यांवर असेल तर अजून कार्डच अडवतंय, आणखी खाली या. तो ८० च्या आसपास किंवा त्याखाली घसरला आणि रिझोल्यूशन अजून कमी करूनही एफपीएस वाढेना, म्हणजे आता प्रोसेसरचं छत लागलं. तो आकडा लिहून ठेवा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हा बेंचमार्क झाल्यावर एवढंच समजू नका की काम झालं, कारण गेममध्ये प्रोसेसरला सगळ्यात जास्त घाम फुटतो तो गर्दीच्या बाजारात, गाडी जोरात हाकताना आणि फँटम लिबर्टी घेतलं असेल तर डॉगटाऊनमध्ये. म्हणून तुमच्या सेव्हमधून एखाद्या भरलेल्या बाजारात जा, दिवसाची वेळ ठेवा, तीच एक फेरी तीन वेळा मारा आणि तिथला आकडा वेगळा लिहा. कॅपफ्रेमएक्स नावाचं फुकट टूल आहे, ते फेरीतल्या प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवून ठेवतं, त्याने हे काम सोपं होतं.

समजा भावाच्या मशीनवर असं निघालं. सरासरी ८५, त्यात मोकळ्या भागात १०५ आणि बाजारात ६५. आणि समजा एका चांगल्या रिव्ह्यूच्या तक्त्यात १०८०पी अल्ट्राला, रे ट्रेसिंग नाही, अपस्केलिंग नाही, ४०६० ला ८० आणि ४०७० ला १२० दिसतंय. (आकडे पद्धत समजावी म्हणून गोल घेतलेत, तुम्ही घ्याल तेव्हा ताजे बघून घ्या.) आता लहान तो धरायचा या नियमाने ४०६० ला ८० आणि ४०७० ला ८५. म्हणजे दुप्पट पैसे देऊन ५ एफपीएस? थांबा, हे पण पूर्ण बरोबर नाही.

कारण सरासरीत गडबड लपते. ४०६० चे ते ८० म्हणजे समजा मोकळ्या पण लाइट-धुराने भरलेल्या भागात ७५ आणि बाजारात ८५. आता भागाभागाने लहान आकडा घ्या. मोकळ्या भागात प्रोसेसर १०५ देऊ शकतो पण कार्ड ७५ च देतं, म्हणून ७५. बाजारात कार्ड ८५ देऊ शकतं पण प्रोसेसर ६५ वर अडकतो, म्हणून ६५. दोन्ही भागात सारखाच वेळ गेला तर सरासरी ७०. म्हणजे कार्डची सरासरी ८० आणि प्रोसेसरची ८५ असूनही हातात आले ७०, दोघांपेक्षाही कमी! हे कायम लक्षात ठेवा की दोन्ही आकडे जेव्हा जवळ जवळ असतात तेव्हा खरा आकडा दोघांच्याही खाली पडतो, आणि लोक नेमके इथेच म्हणतात की रिव्ह्यूवाले खोटं दाखवतात. खोटं नाही दाखवत.

आता ४०७० बघा. दोन्ही भागात कार्ड १२० च्या आसपास देऊ शकतं, म्हणजे सगळीकडे प्रोसेसरच अडवणार, मोकळ्या भागात १०५ आणि बाजारात ६५, सरासरी ८५. तर ७० विरुद्ध ८५. पण नीट बघा, बाजारात दोन्ही कार्डांना ६५ च आहे. जिथे खेळताना अडखळल्यासारखं वाटणार, जिथे तुम्हाला खरंच जास्त हवंय, तिथे महाग कार्डाने एक फ्रेमही वाढत नाही. आणि मोकळ्या भागातले ७५ तर ४०६० वर एनव्हिडियाचं अपस्केलिंग डीएलएसएस Quality ला चालू करूनही वर जातात, कारण मग १०८०पी ला आतून १२८० बाय ७२० च काढायचं असतं आणि कार्डचा भार हलका होतो, बाजारातले ६५ मात्र त्यानेही हलत नाहीत कारण डीएलएसएस प्रोसेसरचं काम कमी करत नाही. म्हणून भावाला मी सांगितलं की ४०६० घे आणि उरलेल्या पैशात प्रोसेसर बदल, बी४५० बोर्ड बायोस अपडेट करून रायझन ७ ५७००एक्स३डी सुद्धा घेतं, मिळाला तर बघ. दोन कार्डांच्या तक्त्यात हे उत्तर कधीच दिसलं नसतं.

बरं, आता तक्ता कुठला घ्यायचा. पहिली परीक्षा म्हणजे तो आकडा मोजलेला आहे की गणिताने काढलेला. बऱ्याच साइट्स आहेत जिथे कुठलंही कार्ड, कुठलाही प्रोसेसर, कुठलाही गेम निवडा, उत्तर तयार. इतकी सगळी कॉम्बिनेशन्स कोणी बसून मोजणं शक्य नाही, हजारो कार्ड-प्रोसेसर जोड्या गुणिले शेकडो गेम. तिथे एक ठरलेला गुणक लावून आकडा काढलेला असतो. ओळखायचं कसं? दोन कार्डं घ्या, त्या साइटवर चार-पाच एकदम वेगवेगळ्या प्रकारचे गेम बघा आणि प्रत्येक गेममध्ये एका कार्डचा आकडा दुसऱ्याने भागा. प्रत्येक वेळी १.४८, १.४९, १.४८ असंच येत असेल तर ते गुणक आहे, मोजमाप नाही. खऱ्या मोजणीत हे गुणोत्तर गेमप्रमाणे हलतंच, एका गेममध्ये १.३ तर दुसऱ्यात १.६, कारण प्रत्येक इंजिन कार्डच्या वेगळ्या भागावर ताण देतं. दुसरी खूण म्हणजे मोजलेल्या आकड्याच्या जवळपास कुठेतरी टेस्ट मशीनचा प्रोसेसर, ड्रायव्हरचं व्हर्जन, सेटिंग आणि शक्यतो कुठल्या सीनमध्ये मोजलं ते लिहिलेलं असतं. हे काहीच नसेल तर पुढे जा.

टेकपॉवरअपचा कार्डांचा डेटाबेस खूप लोक वापरतात आणि मीही वापरतो, पण त्यातली ती "रिलेटिव्ह परफॉर्मन्स"ची पट्टी वाचताना खालची बारीक ओळ वाचा. ती पट्टी म्हणजे अनेक गेमची सरासरी आहे, एका गेमची नाही, आणि शिवाय साधारण कार्डांसाठी १९२० बाय १०८० धरलेलं आहे तर २०८० टीआय आणि त्यावरच्या कार्डांसाठी ४के. काही कार्डांखाली तर सरळ लिहिलेलं असतं की हा आकडा कोर आणि क्लॉकवरून अंदाजे काढलाय. त्यामुळे ती पट्टी "साधारण कुठलं कार्ड कुठल्या रांगेत" यासाठी झकास, पण सायबरपंकसाठी त्याच साइटवरच्या रिव्ह्यूमधलं सायबरपंकचं पान उघडा.

तुमचं नेमकं कार्ड सायबरपंकच्या नव्या तक्त्यात नसेल तर? होतं असं, जुनी कार्डं लोक टेस्ट करणं सोडून देतात. मग त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधा जे नव्या तक्त्यातही आहे आणि ज्याची तुमच्या कार्डशी तुलना याच गेममध्ये आधी झालेली आहे. जुन्या तक्त्यातून दोघांचं गुणोत्तर घ्या आणि नव्या आकड्याला लावा. घराणं मात्र तेच हवं, एनव्हिडियाच्या ३० सिरीजवरून ३० सिरीजवर, एएमडीच्या ६००० वरून ६००० वर. घराणं बदललं की हा पूल डळमळतो, रे ट्रेसिंग चालू असेल तर तुटतोच.

आकडा कधीचा आहे हे पण बघायचंच. सायबरपंक डिसेंबर २०२० ला आला, सप्टेंबर २०२३ मध्ये पॅच २.० आला आणि त्यात गेम प्रोसेसरवर आणखी जड झाला, इतका की किमान आणि शिफारस केलेल्या सिस्टीमची यादीच कंपनीने वर सरकवली, साधी हार्ड डिस्क चालणार नाही म्हणून सांगितलं आणि शिफारशीच्या रकान्यात रायझन ७ ७८००एक्स३डी लिहिला. म्हणून २०२१ मधला प्रोसेसरचा तक्ता आज उपयोगाचा नाही. कार्डचे जुने आकडे त्यामानाने कमी बिघडतात पण तेही पॅच २.० नंतरचेच घ्या.

सेटिंगचा सापळा मात्र या गेममध्ये फारच वाईट आहे. मेनूमधून नुसतं Ultra प्रीसेट निवडलं की बऱ्याचदा अपस्केलिंग आपोआप चालू होतं, आरटीएक्स कार्डावर डीएलएसएस आणि बाकीच्यांवर एफएसआर. मग एखाद्याने "अल्ट्राला ११० मिळतात" म्हणून व्हिडिओ टाकला आणि तो आतून ७२०पी काढत असतो, त्याला स्वतःलाही माहीत नसतं. लोकांनी स्वतः भरलेल्या डेटाबेसमध्ये असे आकडे ढिगाने असतात. त्यात आता फ्रेम जनरेशनची भर, ४० सिरीजवर ते चालू केलं की मधल्या फ्रेम्स कार्ड स्वतः बनवून घालतं आणि काउंटर दीडपट-दुप्पट दाखवतो पण बटण दाबल्यावर प्रतिसाद मात्र मूळ फ्रेम्सच्याच वेगाने येतो. तुलना करताना दोन्ही बंद असलेलाच आकडा घ्या, नंतर हवं तर चालू करून खेळा.

सरासरीच्या शेजारी १% लो नावाचा रकाना असतो, तो अडखळणं दाखवतो, पण दोन साइट्सचे १% लो एकमेकांशी ताडू नका. कोणी सगळ्यात हळू एक टक्का फ्रेम्सची सरासरी काढतो तर कोणी ९९ व्या टक्क्याची सीमा जिथे पडते तो एकच आकडा देतो आणि दोन्हीला नाव तेच. एकाच तक्त्यात वर-खाली बघायला तो रकाना उत्तम.

आता जिथे "लहान तो धरा" हा नियमच थोडा मोडतो ते सांगतो, कारण भावाला मध्येच कोणीतरी इंटेलचं आर्क बी५८० सुचवलं. स्वस्त, १२ जीबी मेमरी, तक्त्यात ४०६० च्या बरोबरीने किंवा पुढे. पण डिसेंबर २०२४ मध्ये हे कार्ड आल्यावर काही आठवड्यांतच टेस्ट करणाऱ्यांनी दाखवलं की जुन्या प्रोसेसरवर, अगदी ३६०० किंवा ५६०० वरही, ते काही गेम्समध्ये तक्त्यापेक्षा बरंच मागे पडतं. कारण ड्रायव्हरचं स्वतःचं काम प्रोसेसरच्याच डोक्यावर असतं आणि इंटेलच्या ड्रायव्हरला ते जास्त लागतं. म्हणजे १६६० सुपर लावून मोजलेलं प्रोसेसरचं छत आर्क लावल्यावर तेवढंच राहील असं नाही, खाली येईल. कंपनी बदलणार असाल तर घरी मोजलेल्या आकड्यावर भरवसा थोडा कमी ठेवा आणि तुमच्याच प्रोसेसरवर त्या कार्डची टेस्ट कोणी केली आहे का ते शोधा. रे ट्रेसिंगचंही तसंच, ते चालू केलं की प्रोसेसरचंही काम वाढतं, म्हणून रे ट्रेसिंग बंद ठेवून मोजलेलं छत रे ट्रेसिंगला लावू नका.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडं वेगळं. नाव तेच असलं तरी कार्ड तेच नसतं. आरटीएक्स ३०६० च्या लॅपटॉप चिपमध्ये कोर जास्त आहेत, ३८४० विरुद्ध डेस्कटॉपचे ३५८४, पण मेमरी ६ जीबी, डेस्कटॉपला १२, आणि पॉवर लॅपटॉप बनवणारा ठरवतो, ६० वॉटपासून ११५ वॉटपर्यंत काहीही, तर डेस्कटॉप कार्ड १७० वॉट घेतं. म्हणून "३०६० लॅपटॉप" असा एक आकडा शोधण्यात अर्थ नाही. नोटबुकचेकच्या तक्त्यात गेमप्रमाणे, सेटिंगप्रमाणे आकडे आहेत आणि कुठल्या लॅपटॉपवर मोजलं तेही दिसतं, तुमच्या मॉडेलच्या वॉटला जवळचा लॅपटॉप त्यात शोधा. आपल्याकडे बरेच लॅपटॉप एकच ८ जीबीची रॅम घालून विकतात, दुसरा स्लॉट रिकामा, आणि त्याने प्रोसेसरचं छत चांगलंच खाली येतं, तर रिव्ह्यूतल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा दोन असतात. आणि टेस्ट एसीच्या खोलीत झालेली असते, नागपूरच्या मे महिन्यात पंख्याखाली तोच लॅपटॉप अर्ध्या तासाने क्लॉक कमी करणार हे धरूनच चला.

डेस्कटॉपवरही एक नावात दोन वस्तू असतात. जीटीएक्स १६५० जीडीडीआर५ वाला वेगळा आणि जीडीडीआर६ वाला वेगळा, मेमरीचा वेग १२८ विरुद्ध १९२ जीबी प्रति सेकंद. सेकंडहँड घेताना डब्यावरचं नाव बघून तक्त्याशी ताडू नका, जीपीयू-झेड उघडून मेमरी कुठली ते बघा. भावाच्या बाबतीत अजून एक बारकावा होता, ४०६० ला बोर्डाशी डेटाची ये-जा करायला फक्त ८ लेन आहेत आणि बी४५० वर पीसीआयई ३.० च मिळतं. १०८०पी अल्ट्राला रे ट्रेसिंग नसताना कार्डाच्या ८ जीबी मेमरीत गेम मावतो तोवर यात फारसं जात नाही, पण मेमरी भरून सांडली की डेटा त्या अरुंद रस्त्याने ये-जा करतो आणि मग झटके बसतात. म्हणून रे ट्रेसिंगसाठी त्याच्या अंदाजातून थोडं आणखी कापलं.

कार्ड घरी आलं की पहिल्याच दिवशी अंदाज तपासा, तोच बेंचमार्क, तेच सेटिंग, आणि बाजारातली तीच फेरी. पाच-सात टक्क्यांचा फरक चालतो, एवढा तर ड्रायव्हरने आणि त्या फेरीत समोर आलेल्या गाड्यांनीही पडतो. त्याहून जास्त कमी आलं तर कार्डचा वापर बघा. तो ९७-९९ असूनही आकडा कमी असेल तर कार्डाचं तापमान आणि क्लॉक बघा, आणि अपस्केलिंग व रे ट्रेसिंगचं सेटिंग परत तपासा. वापर ६०-७० असेल तर प्रोसेसरकडे वळा, बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, चालू आहे का बघा, नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत असते आणि सायबरपंकसारख्या गेममध्ये ते बाजारात लगेच दिसतं. आणि मोकळ्या भागात बरोबर पण बाजारातच कमी येत असेल, तर कार्ड परत करायला दुकानात जाऊ नका, ते त्याचं काम करतंय.